लूपच्या टोकाशी होणारी एकाची चूक

प्रोग्रॅममध्ये एखादी कृती ठरावीक वेळा करायची असली की लूप लिहिला जातो. तो दहा वेळा फिरायला हवा तिथे नऊ किंवा अकरा वेळा फिरला, तर त्या चुकीला प्रोग्रॅमर मंडळी ‘ऑफ-बाय-वन एरर’ म्हणतात. यादीचा तुकडा कापताना शेवटचा घटक निसटला किंवा शेजारचा एक जास्तीचा आला, तरी चूक तीच. सॉफ्टवेअरमधल्या दोषांचे वर्गीकरण करणाऱ्या सीडब्ल्यूई या सूचीत तिला १९३ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. या चुकीत बाकीचा हिशेब बरोबर असतो, फक्त टोक चुकते. त्यामुळे प्रोग्रॅम बहुतेक वेळा सुरळीत चालतो, उत्तर देतो आणि ते उत्तर पटण्यासारखेही असते.

चुकीचे मूळ मोजणीतच आहे. शंभर मीटर लांबीचे सरळ कुंपण घालायचे आणि दर दहा मीटरला खांब रोवायचा, तर खांब किती लागतील? शंभराला दहाने भागून ‘दहा’ असे उत्तर चटकन तोंडात येते. पण दहा झाले ते दोन खांबांमधले गाळे. खांब अकरा लागतात, कारण पहिल्या गाळ्याच्या अलीकडेही एक खांब असतो. यादीतही मोजण्याजोग्या गोष्टी अशाच दोन असतात: घटक, आणि त्यांच्या सीमा. सात घटकांच्या यादीला दोन्ही टोके धरून आठ सीमा असतात. एका गोष्टीची संख्या दुसरीच्या जागी वापरली गेली की उत्तर एकाने सरकते.

लूपची हद्द किंवा स्लाइसची टोके वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावे लागतात. मोजणी ० पासून आहे की १ पासून? आणि शेवटचा आकडा हिशेबात धरला जातो की त्याच्या अलीकडेच थांबायचे? वेगवेगळ्या भाषांनी या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे निवडली आहेत, आणि एका भाषेची सवय दुसरीत नेली की टोक चुकते.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ११ ऑगस्ट १९८२ या तारखेच्या आपल्या एका टिपणात (क्रमांक ईडब्ल्यूडी ८३१) हाच प्रश्न हाताळला. २ ते १२ हे अकरा आकडे लिहायचे तर चार प्रकार संभवतात: दोन्ही टोके धरून, दोन्ही सोडून, फक्त पहिले धरून किंवा फक्त शेवटचे धरून. डायक्स्ट्रा यांनी पहिले टोक धरण्याची आणि शेवटचे सोडण्याची बाजू घेतली, म्हणजे `2 <= i < 13`. या पद्धतीत दोन टोकांची वजाबाकी केली की थेट घटकांची संख्या मिळते. १३ उणे २ म्हणजे ११. एक पट्टा जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो, मध्ये काही सुटत नाही आणि काही दोनदा येत नाही. शिवाय रिकामा पट्टाही सहज लिहिता येतो, कारण त्याची दोन्ही टोके सारखीच असतात. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मेसा या भाषेत चारही प्रकार लिहिण्याची सोय होती आणि तिथल्या अनुभवानुसार बाकीच्या तीन प्रकारांतून सतत चुका होत, असा दाखलाही त्यांनी दिला.

पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, गो, रस्ट या भाषांमधली स्लाइस याच पद्धतीने चालते. तिच्यातले आकडे घटकांचे नाहीत, सीमांचे आहेत असे धरले की ती लगेच उलगडते. `rain[2:5]` म्हणजे दोन क्रमांकाच्या सीमेपासून पाच क्रमांकाच्या सीमेपर्यंतचे सगळे. सीमा ० पासून मोजल्या, तर या दोन सीमांमध्ये पाच उणे दोन, म्हणजे तीनच घटक येतात.

एक उदाहरण तपशिलाने पाहिले की चूक कशी शिरते आणि कशी लपते ते कळते. एका आठवड्याच्या पावसाचे मिलिमीटरमधले आकडे समोर आहेत: १२, ०, ५, ३०, ८, ०, ४१. सलग तीन दिवसांत मिळून सर्वांत जास्त पाऊस किती पडला, हे काढायचे आहे. पायथनमध्ये ते असे लिहिले जाते:

```
rain = [12, 0, 5, 30, 8, 0, 41]
n = len(rain)   # 7
k = 3
best = 0
for i in range(n - k):
    best = max(best, sum(rain[i:i+k]))
print(best)
```

उत्तर येते ४३. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या दिवसाची बेरीज, ५ अधिक ३० अधिक ८, खरोखरच ४३ आहे. कुठलीही तक्रार न करता प्रोग्रॅम संपतो. तरीही उत्तर चुकीचे आहे, कारण शेवटच्या तीन दिवसांची बेरीज, ८ अधिक ० अधिक ४१, ही ४९ होते आणि ती या लूपने पाहिलेलीच नाही.

चूक पकडण्यासाठी `i` ची शेवटची किंमत काढावी. `range(4)` मध्ये `i` च्या किमती ०, १, २, ३ अशा येतात. शेवटच्या फेरीत स्लाइस होते `rain[3:6]`. तिचे वरचे टोक सहाव्या सीमेवर थांबते, पण यादी सातव्या सीमेवर संपते. म्हणजे शेवटचा घटक कोणत्याच फेरीत येत नाही. शेवटच्या फेरीत `i + k` ची किंमत बरोबर `n` झाली पाहिजे. म्हणून `i` ची शेवटची किंमत `n - k` हवी. `range` शेवटचा आकडा सोडून देते, तेव्हा लिहायला हवे `range(n - k + 1)`. सात दिवसांत तीन-तीन दिवसांचे पाच गट बसतात: बेरजा १७, ३५, ४३, ३८ आणि ४९. संख्येचे सूत्र `n - k + 1` असे आहे. त्यातला `+ 1` हा कुंपणाच्या शेवटच्या खांबासारखाच आहे, तो वगळून चालत नाही.

उलट बाजूची चूकही पाहण्यासारखी आहे. कोणी `range(n)` लिहिले तर `i` ची किंमत ५ आणि ६ होते, आणि `rain[5:8]` व `rain[6:9]` अशा यादीबाहेर जाणाऱ्या स्लाइस मागितल्या जातात. पायथन त्यावर हरकत घेत नाही. जेवढे घटक आहेत तेवढे देऊन मोकळे होते: एकदा दोन, एकदा एक. दोन्ही बेरजा ४१ येतात. सर्वांत मोठी बेरीज तरीही ४९ राहते, म्हणून हा प्रोग्रॅम चाचणीत उत्तीर्ण होतो. पण उद्या कोणी त्याच लूपमधून बेरजांची सरासरी काढली, तर १८२ भागिले ५, म्हणजे ३६.४ यायला हवे तिथे २६४ भागिले ७, म्हणजे सुमारे ३७.७ येते. चूक पहिल्यापासून होती. दिसली ती प्रश्न बदलल्यावर.

हेच आकडे दुसऱ्या भाषेत नेले की आणखी एक फरक पुढे येतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचे तीन आकडे हवे असतील, तर निरनिराळ्या भाषांमध्ये असे लिहावे लागते:

```
Python       rain[2:5]
Go           rain[2:5]
JavaScript   rain.slice(2, 5)
Java         Arrays.copyOfRange(rain, 2, 5)
Ruby         rain[2, 3]
R            rain[3:5]
MATLAB       rain(3:5)
```

इथे तीन घराणी दिसतात. पहिल्या चार भाषा ० पासून मोजतात आणि शेवटचे टोक सोडतात. आर आणि मॅटलॅब १ पासून मोजतात आणि दोन्ही टोके धरतात. रूबीच्या या रूपात दुसरा आकडा टोकाचा नाहीच, तो संख्येचा आहे: दोनपासून सुरू करून तीन घटक. सी-शार्पमधले `Substring`, जावास्क्रिप्टमधले `splice` आणि एसक्यूएलमधले `SUBSTRING` हेही दुसऱ्या आकड्याला संख्याच समजतात. जावाच्या `substring(2, 5)` मध्ये मात्र ५ हे टोक आहे. जावाकडून सी-शार्पकडे वळणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते: नाव तेच, आकडे तेच, पण तीनऐवजी पाच अक्षरे मिळतात.

पायथनचे `rain[2:5]` जसेच्या तसे आरमध्ये लिहिले, तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाचे चार आकडे येतात: ०, ५, ३०, ८. त्यांची बेरीजही ४३ आहे, कारण जास्तीचा आलेला आकडा नेमका शून्य आहे. बेरीज जुळली म्हणून कोणी खात्री करून घेतली, तर चूक तशीच पुढे जाते. सरासरी काढल्यावर १४.३ च्या जागी १०.७५ दिसते आणि तेव्हा ती उघडी पडते. म्हणून चाचणीसाठी आकडे निवडताना शून्ये आणि सारखे आकडे टाळावेत; प्रत्येक घटक वेगळा असला की कोणता निसटला किंवा कोणता आगंतुक आला ते लगेच ओळखू येते.

टिंबांनी पट्टा लिहिणाऱ्या भाषांमध्येही एकवाक्यता नाही. रस्टमध्ये `0..5` पाचच्या अलीकडे थांबते आणि पाच धरायचे असतील तर `0..=5` लिहावे लागते. कोटलिन आणि रूबीमध्ये `0..5` पाचसकट चालते. तीन टिंबांचे तर अगदी उलट आहे: रूबीत `0...5` पाच वगळते, स्विफ्टमध्ये तेच पाच धरते. अनोळखी भाषेत काम करताना अंदाज बांधण्यापेक्षा एक छोटा पट्टा छापून पाहणे केव्हाही बरे.

टोक ओलांडले गेल्यावर कोणती भाषा काय करते, यावर चूक किती लवकर सापडेल हे ठरते. सात घटकांच्या यादीत इंडेक्स ७ मागितला, तर पायथन, जावा, गो आणि रस्ट जागच्या जागी थांबतात आणि चूक कळवतात. जावास्क्रिप्ट `undefined` देते. ते बेरजेत मिसळले की उत्तर `NaN` होते, आणि दोष जिथे झाला त्यापासून बराच दूर दिसतो. सी भाषेत अशा वाचनाचे काय होईल याची कसलीच हमी नाही. शेजारच्या जागेत जे काही पडले असेल ते घटक म्हणून हाती येऊ शकते.

पायथनमध्ये खालच्या टोकाला एक वेगळा सापळा आहे. उणे इंडेक्स तिथे चालतो आणि `rain[-1]` म्हणजे शेवटचा घटक. आदल्या दिवसापेक्षा पाऊस किती वाढला हे काढण्यासाठी `range(n)` वर लूप लावून `rain[i] - rain[i-1]` लिहिले, तर पहिल्या फेरीत १२ मधून शेवटच्या दिवसाचे ४१ वजा होतात आणि उणे २९ असा निरर्थक आकडा यादीत बसतो. सात दिवसांमध्ये शेजारच्या जोड्या सहाच असतात. लूप १ पासून सुरू व्हायला हवा.

आरमध्ये रिकाम्या यादीवर असाच घोळ होतो. `for (i in 1:length(x))` हे नेहमीचे लिखाण आहे, पण यादी रिकामी असली तर `1:0` म्हणजे १ आणि ० असे दोन आकडे होतात आणि एकदाही फिरू नये तो लूप दोनदा फिरतो. त्यासाठीच आरमध्ये `seq_along(x)` दिलेले आहे. रिकाम्या यादीवर ते लूप फिरवतच नाही.

सी भाषेतल्या अक्षरमालेत गोंधळ शेवटच्या शून्य-खुणेमुळे होतो. पाच अक्षरांच्या शब्दाला सहा जागा लागतात, कारण शब्द संपल्याची खूण म्हणून एक शून्य बाइट ठेवावा लागतो. `strlen` ही खूण मोजत नाही. म्हणून `malloc(strlen(s))` लिहिले की जागा एकाने कमी पडते. या खुणेवरून पुढे गेल्याने केवढा अनर्थ होतो हे सुडो या प्रोग्रॅममध्ये दिसले. युनिक्स-लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला परवानगीनुसार मुख्य अधिकाराने आज्ञा चालवू देणे हे सुडोचे काम. आज्ञेतले उलटे तिरके चिन्ह काढून टाकणारा त्याचा लूप असा होता:

```
while (*from) {
    if (from[0] == '\\' &&
        !isspace((unsigned char)from[1]))
        from++;
    *to++ = *from++;
}
```

शून्य-खूण आली की थांबायचे, एवढीच या लूपची हद्द आहे. तिरके चिन्ह दिसले की ते ओलांडून पुढचे अक्षर उचलायचे. आता मजकूर तिरक्या चिन्हावरच संपला तर काय होते? चिन्हानंतर शून्य-खूण आहे. ती मोकळी जागा नाही, म्हणून अट खरी ठरते आणि `from` शून्य-खुणेवर येतो. पुढच्या ओळीत ती खूण नक्कल होते आणि `from` तिच्याही एक पाऊल पुढे सरकतो. `while` ची तपासणी आता खुणेच्या पलीकडे होते आणि नक्कल चालूच राहते, राखून ठेवलेल्या जागेबाहेरही. ही चूक जुलै २०११ मध्ये शिरली. क्वालिस या सुरक्षा कंपनीने ती शोधली, आणि जानेवारी २०२१ मध्ये १.९.५पी२ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. तोपर्यंत साध्या खात्यावरून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवणे शक्य होते. एका फेरीत दोन पावले टाकणारा आणि एकदाच तपासणारा लूप दिसला, की दुसऱ्या पावलाआधी टोक आले तर काय, हे विचारावेच लागते.

मागून पुढे येणाऱ्या लूपमध्ये टोकांची अदलाबदल होते आणि चुका वाढतात. पायथनमध्ये `range(n-1, 0, -1)` लिहिले तर शून्यावा घटक सुटतो, कारण इथे सोडले जाणारे टोक खालचे आहे. बरोबर रूप `range(n-1, -1, -1)`, किंवा सरळ `reversed(range(n))`. सी भाषेत इंडेक्स `size_t` प्रकारचा असेल तर `i >= 0` ही अट कधीच खोटी होत नाही. या प्रकारात उणे संख्या नसते. शून्यातून एक गेला की सर्वांत मोठी संख्या येते. तिथे `for (size_t i = n; i-- > 0; )` असे लिहितात, म्हणजे तपासणी आधी होते आणि घट नंतर.

दुसऱ्याचा किंवा स्वतःचा कोड वाचताना काही ठिकाणी नजर मुद्दाम थांबवावी. `<=` च्या उजव्या बाजूला यादीची लांबी दिसली की ० पासून मोजणाऱ्या भाषेत तो बहुधा दोष असतो. बहुधा म्हणायचे कारण असे की, पावसाच्या उदाहरणाची अट सी भाषेत `i + k <= n` अशी लिहिणे अगदी बरोबर आहे. तिथे `i + k` ही सीमा आहे, इंडेक्स नाही, आणि सीमेला `n` पर्यंत जाता येते. उलट `i < n - k + 1` हे दिसायला सारखेच असले तरी `size_t` मध्ये घातक आहे: दोन दिवसांचे आकडे आणि चार दिवसांचा गट असेल तर `n - k + 1` उणे एक होण्याऐवजी अवाढव्य संख्या होते.

त्यानंतर लूपची पहिली आणि शेवटची फेरी कागदावर मांडावी: `i` ची किंमत किती, आणि ती घातल्यावर प्रत्यक्ष कोणता घटक वाचला जातो. मधल्या फेऱ्या तपासण्याची गरज सहसा पडत नाही. मग फेऱ्यांची संख्या स्वतंत्रपणे काढून ताडून पाहावी. चाचणीला लहान आकार पुरतात: रिकामी यादी, एकच घटक, गटाएवढीच यादी आणि गटाहून लहान यादी. पावसाच्या उदाहरणात तीन दिवसांचेच आकडे दिले असते, तर `range(n - k)` म्हणजे `range(0)` झाले असते, लूप एकदाही फिरला नसता आणि उत्तर शून्य आले असते. सात दिवसांत लपलेली चूक तीन दिवसांत लगेच दिसली असती.

यंत्राची मदतही घेता येते. सी आणि सी-प्लस-प्लसमध्ये `-fsanitize=address` हा पर्याय देऊन प्रोग्रॅम बांधला, तर राखीव जागेबाहेरचे बरेचसे वाचन-लेखन चालतानाच पकडले जाते. जिथे जमेल तिथे इंडेक्सच टाळून `for x in rain` असे थेट घटकांवर फिरणे हा आणखी पक्का उपाय, कारण चुकायला टोकच उरत नाही. पण ही साधने टोक ओलांडणारी चूक धरतात. टोकाच्या अलीकडेच थांबणारा लूप कोणताही नियम मोडत नाही. शेवटच्या दिवसाचे ४१ मिलिमीटर वगळून ४३ सांगणारा प्रोग्रॅम यंत्राच्या दृष्टीने निर्दोषच असतो. तो पकडायचा तर फेऱ्या किती व्हायला हव्यात आणि शेवटचा घटक कोणता, हे लूप लिहिण्याआधी माणसाला ठाऊक असावे लागते.